धागा: ५ दाबलं की ५२२२२२२२... आणि शून्य तर येतच नाही (८०५१, ४×४ कीपॅड)

चोपडा_डिप्लोमा · रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून ठिबकच्या व्हॉल्व्हचा टायमर करतोय. ८९एस५२, ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, १६×२ एलसीडी, आणि गोलाणी मार्केटमधून आणलेला ४×४ कीपॅड. सगळं असेंब्लीत लिहायचं, अशी गाइड सरांची अट.

कीपॅड P1 वर आहे. रो P1.0 ते P1.3, कॉलम P1.4 ते P1.7. एका वेळी एक रो शून्य करतो, कॉलम वाचतो, एखादा कॉलम शून्य दिसला तर बटण सापडलं.

त्रास असा. ५ दाबलं की एलसीडीवर ५ येतो आणि त्यामागे २२२२२ अशी रांग लागते. बटण सोडलं तरी थांबत नाही, रिसेटच मारावा लागतो. तीन दिवस डोकं खाजवतोय. रूटीन खाली देतो.

```
KEY:    MOV  R3,#0
        MOV  R4,#0Eh
ROW:    MOV  A,P1
        ANL  A,#0F0h
        ORL  A,R4
        MOV  P1,A
        MOV  A,P1
        ANL  A,#0F0h
        CJNE A,#0F0h,FOUND
        MOV  A,R4
        RL   A
        ORL  A,#1
        ANL  A,#0Fh
        MOV  R4,A
        INC  R3
        CJNE R3,#4,ROW
        RET
```

FOUND ला २० मिलिसेकंदांचा डिले आहे, मग रो-कॉलमवरून अक्षर काढून एलसीडीवर टाकतो. मेन लूपमध्ये एकदा KEY, मग एलसीडीची एक ओळ पुन्हा लिहिणं, की परत KEY.

---

शिरपूर_सर्किट · रात्री ९:५५

बाउन्स आहे भाऊ हा. स्वस्तातल्या कीपॅडला २० मिलिसेकंद पुरत नाहीत, ५० कर. आणि बटण सुटेपर्यंत थांबायचं लूप कुठे दिसत नाही. तू बटण धरून ठेवलंस की प्रोग्राम पुन्हा पुन्हा तेच बटण वाचणार, दुसरं काय होणार? FOUND नंतर कॉलम परत F0h होईपर्यंत थांबव, मगच पुढे जा.

---

रावेरची_केळी · रात्री १०:१०

मना भी असंच व्हयनं व्हतं. शेतात मोटारीच्या स्टार्टरजवळ असाच कीपॅड लावलाय, तीन मीटरची वायर आहे. मोटार बंद झाली की बटण न दाबता आकडे उमटतात. तुझ्याकडे पण मोटार आहे का जवळ?

---

चोपडा_डिप्लोमा · रात्री १०:१४

नाही काका, घरी टेबलावर आहे. ब्रेडबोर्ड, पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. मोटार लांबच राहिली, पंखासुद्धा बंद आहे, कारण लाइट गेलीय आणि इन्व्हर्टरवर बसलोय.

---

जुना_सोल्डर · रात्री १०:३२

बाउन्स असता तर ५५५ आले असते. बटण धरून ठेवल्याचा प्रकार असता तरी ५५५च. पाचच्या मागे दोन कुठून आला, ते आधी शोधू.

कोड मी वाचलाय, पण लगेच सांगत नाही. तीन गोष्टी करून इथे लिही.

एक, प्रत्येक बटण रिसेटनंतर पहिलं म्हणून दाब आणि काय उमटतं त्याचा तक्ता कर. दोन, ५ धरून न ठेवता नखाने टिचकी मारल्यासारखं चटकन दाबून बघ. तीन, २२२२ चालू असतानाच कीपॅडची पट्टी बोर्डातून उपटून काढ आणि P1.5 वर मल्टीमीटर लाव.

---

धुळे_एव्हीआर · रात्री १०:४१

कॉलमला १० केचे पुल-अप लाव आधी. पुल-अपशिवाय कॉलम अधांतरी राहतात, मग काहीही वाचलं जातं.

---

चोपडा_डिप्लोमा · रात्री ११:२०

सर, तक्ता:

```
1 -> 1111...      4 -> 41111...
7 -> 71111...     * -> 1111...
2 -> 2222...      5 -> 52222...
8 -> 82222...     0 -> 2222...
3 -> 3333...      6 -> 63333...
```

A, B, C, D चं पण तसंच, शेवटी AAAA. म्हणजे शून्य आणि चांदणी एकदाही दिसले नाहीत. थेट वरच्या ओळीतलं बटण येतं.

टिचकीचं खरं निघालं! अगदी चटकन दाबलं तर नुसता ५ येतो, मागे काही नाही. पाच-सहा वेळा केलं, तीन वेळा असं झालं.

पट्टी उपटली तरी २२२२ चालूच. P1.5 वर ०.०३ व्होल्ट. बाकीच्या तीन कॉलमवर ४.९ च्या आसपास.

आणि शिरपूर दादांनी सांगितलं तसं बटण सुटेपर्यंत थांबायचं लूप टाकलं. आता १ ते ९ एकदम मस्त चालतंय! फक्त खालची ओळ बिघडलीय. ० दाबला की एकदा २ येतो आणि सगळं तिथेच लटकतं, दुसरं कुठलंच बटण चालत नाही. P1.3 ची वायर तुटली असेल का?

---

शिरपूर_सर्किट · रात्री ११:२६

बघ, म्हटलं होतं. खालच्या रोची वायर किंवा ब्रेडबोर्डचं भोक ढिलं असेल. जागा बदलून बघ.

---

जुना_सोल्डर · रात्री ११:५८

वायर तुटली असती तर ० दाबल्यावर काहीच आलं नसतं. इथे २ येतोय, म्हणजे दुसरा कॉलम शून्य झाल्याचं चिपला कळलंय, फक्त रो चुकतेय. वायर शाबूत आहे.

तुझा सगळ्यात मोलाचा पुरावा पट्टी उपटल्यावरचा. कीपॅडच नाही, तरी P1.5 वर ०.०३ व्होल्ट. मग तो पाय खाली कोण ओढतंय? बाहेर कोणीच नाही. चिप स्वतःच ओढतेय.

८०५१ च्या P1 ला दिशा ठरवणारं रजिस्टर नसतं. प्रत्येक पायामागे एक लॅच. लॅचमध्ये ० लिहिलात तर आतला ट्रान्झिस्टर पाय जमिनीला धरून ठेवतो. १ लिहिलात तर तो ट्रान्झिस्टर सोडतो आणि पाय फक्त एका अशक्त पुल-अपच्या जोरावर वर राहतो, बाहेरच्या कोणीही तो खाली ओढावा इतका अशक्त. पाय वाचायचा असेल तर त्याच्या लॅचमध्ये १ असायलाच हवा. रिसेटनंतर सगळे लॅच १ असतात, म्हणून तुझी सुरुवात बरोबर होते.

आता ROW च्या पहिल्या चार ओळी बघ. `MOV A,P1` लॅच वाचत नाही, पाय वाचतं. ५ दाबलाय, दुसरी रो शून्य आहे, म्हणून P1.5 चा पाय खाली आहे. FOUND मध्ये २० मिलिसेकंद गेले, एलसीडी लिहिण्यात आणखी काही गेले, मग KEY पुन्हा सुरू झालं. बोट अजून बटणावरच आहे आणि दुसरी रो अजून शून्यच आहे, कारण ती तू कुठेच वर केलेली नाहीस. A मध्ये P1.5 च्या जागी ० आला. वरचं निबल जपायचं म्हणून तू तो ० तसाच ठेवलास, खाली 0Eh चिकटवलास आणि `MOV P1,A` ने सगळं परत लिहिलंस. कीपॅडने क्षणभर दाखवलेला शून्य तू कॉलमच्या लॅचमध्ये कोरून ठेवलास.

त्यानंतर बोट उचललं काय आणि पट्टी उपटली काय, P1.5 ला चिपच खाली धरून बसलीय. पुढच्या फेरीत पाय वाचला तरी ०, तोच परत लॅचमध्ये. यातून सुटका रिसेटशिवाय नाही.

आणि २ का? कॉलम कायमचा शून्य, त्यामुळे पहिली रो तपासताच 'सापडलं'. पहिली रो, दुसरा कॉलम म्हणजे २. खालच्या रोपर्यंत प्रोग्राम पोचतच नाही. म्हणून तुझ्या तक्त्यात कुठलंही बटण दाबलं तरी शेवटी त्याच कॉलमचं सगळ्यात वरचं बटण येतंय.

---

चोपडा_डिप्लोमा · रात्री १२:१०

अरे देवा. मग शून्य एकदाही का दिसला नाही? ५ निदान एकदा तरी येत होता.

---

जुना_सोल्डर · रात्री १२:३१

तुझी एलसीडीची ओळ किती वेळ खाते? बिझी फ्लॅग तपासतोस की प्रत्येक अक्षरामागे डिले टाकलायस?

---

चोपडा_डिप्लोमा · रात्री १२:३४

डिले. अक्षराला २ मिलिसेकंद. १६ अक्षरं.

---

जुना_सोल्डर · रात्री १२:५५

म्हणजे ओळीला साधारण ३२. आणि चार रो तपासायला? तुझ्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल १.०८५ मायक्रोसेकंदाची. KEY ची पूर्ण फेरी शंभर मायक्रोसेकंदांच्याही आत संपते. म्हणजे प्रोग्रामचा जवळजवळ सगळा वेळ एलसीडीत जातो, आणि त्या वेळात कीपॅड कुठल्या अवस्थेत सोडलेला असतो? शेवटची रो शून्य. P1 च्या खालच्या निबलमध्ये 07h असतानाच RET झालेलं आहे.

माणूस ० दाबतो तो जवळजवळ नेहमी त्या ३२ मिलिसेकंदांतच. शेवटची रो शून्य असल्याने P1.5 लगेच खाली येतो, पण बघायला कोणी नाही. मग KEY सुरू होतं आणि पहिलीच ओळ तो शून्य लॅचमध्ये लिहून मोकळी होते. रो क्रमांक ३ तपासायची वेळच येत नाही. म्हणून शून्याऐवजी थेट २.

५ दाबताना मात्र त्या ३२ मिलिसेकंदांत दुसरी रो वर असते, कॉलमला काही होत नाही. स्कॅन नेमका दुसऱ्या रोवर आल्यावरच तो दिसतो, म्हणून ५ बरोबर उमटतो. घोळ त्यानंतरचा. २० आणि ३२ मिळून ५२ मिलिसेकंदांच्या आत बोट उचललंस तर सुटलास. तुझी टिचकी ती हीच.

शिरपूरकरांचं लूप हवंच, ते चुकीचं नाही. पण त्याने रोग झाकला. बोट सुटेपर्यंत थांबल्यामुळे पुढच्या फेरीत शून्य वाचला जात नाही, म्हणून १ ते ९ बरे झाले. खालच्या ओळीत शून्य आधीच कोरला जातो, मग तेच लूप कॉलम वर येण्याची वाट बघत बसतं, आणि चिपनेच धरलेला कॉलम वर येणार कसा. म्हणून लटकतं.

---

शिरपूर_सर्किट · सकाळी ७:५०

मान्य. मी कोड न वाचताच लिहिलं, 'कीपॅड' म्हटलं की हात आपोआप 'बाउन्स' टाइप करतो. पण एक शंका. सर म्हणतात `MOV A,P1` पाय वाचतं. मग मी नेहमी `ANL P1,#0F0h` करतो, त्यातही हाच धोका की नाही? तेही आधी वाचतंच ना?

---

जुना_सोल्डर · सकाळी ९:१५

वाचतं, पण लॅच वाचतं. 'वाच, बदल, परत लिही' हे तिन्ही जिथे एकाच सूचनेत होतं, तिथे ८०५१ पायाकडे बघत नाही: `ANL P1,...`, `ORL P1,...`, `XRL`, `CPL P1.2`, `INC P1`, `SETB P1.0`, `CLR P1.0` वगैरे. याचं कारण इंटेलच्या मॅन्युअलमध्येच दिलंय. पायाला ट्रान्झिस्टरचा बेस जोडलाय आणि लॅचमध्ये १ लिहिलाय असं धर. बेसमुळे पायावर जेमतेम ०.७ व्होल्ट राहतात, तो ० वाचला जाईल. पाय वाचून परत लिहिला असता तर शेजारचा बिट बदलताना हाही बिट मेला असता.

चोपडेकराने नेमकं तेच हाताने केलं. तीच तीन कामं त्याने A मधून सुटी सुटी केली, म्हणून संरक्षण गेलं.

---

चोपडा_डिप्लोमा · सकाळी ९:४०

आम्हाला प्रॅक्टिकलला शिकवलं होतं की पोर्टचे काही बिट बदलताना बाकीचे मास्क करून जपायचे. ते एलईडीच्या प्रयोगात होतं. मी तसंच इथे केलं.

---

जुना_सोल्डर · सकाळी १०:०५

एलईडीला ते चालतं, कारण तिथे वरचं निबल आउटपुट असतं आणि पाय बहुतेक लॅचसारखाच दिसतो. इथे वरचं निबल इनपुट आहे. त्यात जपण्यासारखं एकच, चार १. मग वाचायचं कशाला? R4 मध्येच ते १ ठेव.

```
KEY:    MOV  R3,#0
        MOV  R4,#0FEh
ROW:    MOV  P1,R4
        MOV  A,P1
        ANL  A,#0F0h
        CJNE A,#0F0h,FOUND
        MOV  A,R4
        RL   A
        MOV  R4,A
        INC  R3
        CJNE R3,#4,ROW
        MOV  P1,#0FFh
        RET
```

FEh, FDh, FBh, F7h. फिरवताना मास्कची कसरतही गेली. पण चारपेक्षा जास्त आकडे P1 वर लिहू नकोस, पाचवा आकडा EFh होतो आणि शून्य P1.4 वर, म्हणजे कॉलमवर जातो. शेवटी सगळे १ करून बाहेर पड, रो खाली लोंबकळत ठेवू नकोस.

FOUND पण टाक, बघू दे.

---

चोपडा_डिप्लोमा · सकाळी ११:२५

```
FOUND:  MOV  R6,A
        LCALL DLY20
        MOV  A,R6
        SWAP A
        MOV  R5,#0
COL:    RRC  A
        JNC  GOT
        INC  R5
        SJMP COL
GOT:    MOV  A,R3
        RL   A
        RL   A
        ADD  A,R5
        MOV  DPTR,#TABLE
        MOVC A,@A+DPTR
```

वरचं निबल खाली आणतो, एकेक बिट कॅरीत सरकवतो, कॅरी शून्य झाली की तो कॉलम. मग रो गुणिले ४ अधिक कॉलम. ० साठी ३×४+१ = १३, टेबलात चौदावं अक्षर '0'.

आणि चाललं!!! सोळाच्या सोळा बटणं. आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली बरं झालं, आता जेव.

---

जुना_सोल्डर · दुपारी १२:४०

हिशोब बरोबर आहे. एकच दुरुस्ती. तू २० मिलिसेकंद थांबतोस, पण त्यानंतर P1 पुन्हा वाचतच नाहीस, R6 मधला जुनाच आकडा वापरतोस. मग थांबून मिळवलं काय? डिलेनंतर पुन्हा वाच, `ANL` कर, R6 शी जुळलं तरच पुढे जा, नाहीतर सोडून दे. ती रो अजून शून्यच आहे, वेगळं काही करावं लागत नाही. बटण सुटायची वाट बघणारं लूपही इथेच, रो वर करायच्या आधी.

---

धुळे_एव्हीआर · दुपारी १:१५

माझ्या पुल-अपकडे कोणी लक्षच दिलं नाही. :-)

---

जुना_सोल्डर · दुपारी १:३०

P0 असता तर तुमचं शंभर टक्के बरोबर होतं, तिथे आत पुल-अप नाहीत. P1 ला आहेत. आणि ज्या पायाला ट्रान्झिस्टरच जमिनीला धरून बसलाय, तो १० के लावून वर येत नसतो.

---

धुळे_एव्हीआर · दुपारी १:५२

ठीक. पण हा धागा वाचून माझी एक जुनी भानगड उलगडली. अ‍ॅटमेगा८ वर मी PIN वाचून, मास्क करून PORT मध्ये परत लिहायचो. तिथे दिशा DDR ठरवतो, त्यामुळे कॉलम इनपुटच राहायचे, पण PORT मध्ये ० गेला की त्या पायाचा पुल-अप बंद व्हायचा. बटण एकदा दाबलं की तो कॉलम अधांतरी, बोट नुसतं जवळ नेलं तरी आकडे उमटायचे. चूक हीच, फक्त लक्षण वेगळं. मी तेव्हा बाहेरून १० के लावून गप्प बसलो होतो, म्हणून तोच सल्ला देतो.

एक विचारायचं होतं. एव्हीआरवर एकाच कॉलममधली दोन बटणं एकदम दाबली तर दोन रो एकमेकींना भिडतात, एक ५ व्होल्ट ढकलतेय, दुसरी शून्य ओढतेय. मी प्रत्येक रोला डायोड लावतो. तुम्ही?

---

जुना_सोल्डर · दुपारी २:२०

८०५१ वर ही भीती नाही, वरची रो अशक्त पुल-अपवरच असते, शून्य जिंकतो. एव्हीआरवर मी डायोड लावत नाही. ज्या रोची पाळी नाही ती DDR ने इनपुट करून टाकतो, म्हणजे ढकलायला कोणी उरतच नाही.

---

धुळे_एव्हीआर · दुपारी २:३१

त्यात प्रत्येक फेरीत DDR बदलत बसायचं. डायोड चार लागतात, एकदा लावले की विषय मिटला. मी डायोडच लावणार.

---

रावेरची_केळी · संध्याकाळी ७:०५

तुमचं झालं असेल तर माझं बघा ना भो. माझा कोड तपासला, तिथे सरळ FEh, FDh असंच आहे, पाय वाचून परत लिहिणं कुठेच नाही. तरी मोटार बंद होताना आकडा उमटतो. कधी ७, कधी B, ठरलेलं काही नाही.

---

जुना_सोल्डर · संध्याकाळी ७:३०

ठरलेलं नाही, हाच फरक. त्याच्याकडे नेहमी वरची ओळ यायची, ती कोडची खूण. तुमच्याकडे काहीही येतं, आणि तेही कॉन्टॅक्टर सुटतानाच. तीन मीटर वायर आणि आतला अशक्त पुल-अप, म्हणजे कॉलम जवळपास अँटेनाच. चारही कॉलमना ४.७ के बाहेरून लावा, वायर मोटारीच्या केबलपासून दूर न्या. आणि २० मिलिसेकंदांनी पुन्हा वाचून जुळवता का? कॉन्टॅक्टरचा झटका सहसा इतका टिकत नाही, नुसत्या त्याने निम्मं काम व्हावं.

---

रावेरची_केळी · दोन दिवसांनी, रात्री ११:४५

४.७ के लावले, दोनदा वाचणंही टाकलं. फरक पडला. आधी दर वेळी यायचा, आता दहात एकदा-दोनदा. पण पूर्ण गेला नाही. वायर वेगळ्या पाइपातून न्यायची बाकी आहे, गडी मिळत नाही.

---

जुना_सोल्डर · रात्री ११:५२

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर काही लावलंय? १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, कॉइलला समांतर. कपॅसिटर एसीला चालणारा, एक्स२ लिहिलेला घ्या. साधा सिरॅमिक लावू नका.

---

रावेरची_केळी · रात्री ११:५८

काहीच लावलेलं नाही. या आठवड्यात शेतीची लाइट रात्री १२ नंतरच आहे, म्हणून मळ्यातच बसलोय. कपॅसिटर उद्या जळगावहून मागवतो. शनिवारी लावून बघतो न् सांगतो.